फोटोतल्या सोफ्याचा रंग बदलताना कापडाची वीण कशी राखायची

खोलीच्या फोटोतला सोफा दुसऱ्या रंगात पाहायचा असतो, म्हणून आपण तो निवडतो, त्यावर हवा तो रंग चढवतो, आणि समोर येतो प्लॅस्टिकचा सोफा. शिवणी दिसतात, उशांचे आकारही दिसतात, पण कापड मात्र गायब होतं. मी बरीच वर्षं फर्निचरच्या फोटोंवर काम करतो आहे. या कामात बहुतेक जण एकाच जागी अडतात असं मला दिसतं: नवा रंग जुन्या रंगाच्या जागी *बसवायचा* असतो, अशी त्यांची समजूत असते. खरं तर जुन्या रंगाला नव्या रंगाच्या प्रमाणात *गुणायचं* असतं. हे एकदा नीट समजलं की बाकीच्या पायऱ्या आपोआप जागेवर बसतात.

इथे एकच उदाहरण शेवटपर्यंत नेतो. फिकट बदामी रंगाचा, जाडसर लिनन विणीचा तीन जणांचा सोफा आहे. डावीकडे खिडकी, उजवीकडे पिवळसर उजेडाचा दिवा. हा सोफा गर्द बाटलीहिरवा करायचा आहे. फिकटाकडून गर्दाकडे जाण्याचं हे काम नेहमी लागतं आणि ते चांगलं जमूही शकतं. पायऱ्या फोटोशॉपच्या आहेत, पण लेअर, मास्क आणि Multiply हे तिन्ही ज्या प्रोग्राममध्ये आहेत तिथे याच रीतीने काम होतं.

पोत नेमका कशात असतो

लिननच्या विणीत वर आलेला धागा थोडा उजळ असतो आणि दोन धाग्यांमधली फट थोडी काळसर. आपल्या फोटोत बैठकीच्या उजेडातल्या भागाची सरासरी लाल २००, हिरवा १८५, निळा १६५ अशी येते. वरचा धागा यापेक्षा साधारण पाच टक्के उजळ, फट पाच टक्के गडद. वीण म्हणून डोळ्याला जे जाणवतं ते मुख्यतः हेच प्रमाण. घडी, शिवण, बसून पडलेला खळगा यांचंही तसंच, फक्त तिथे फरक मोठा असतो. शिवणीच्या खाचेत १२०, १०८, ९४ असे आकडे मिळतात, म्हणजे बैठकीच्या सुमारे साठ टक्के.

त्याशिवाय एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. पोत फक्त उजेड-अंधाराचा नसतो, रंगाच्या बारीक फरकांचाही असतो. दिव्याच्या बाजूला तोच सोफा २२०, १८५, १४० असा पिवळसर आहे, खिडकीच्या बाजूला तो थंड आहे, आणि लिननचे धागेही सगळे अगदी एका रंगाचे नसतात. हे फरक पुसले गेले तर उजेड-अंधार शाबूत असूनही कापड रंगवलेल्या भिंतीसारखं दिसतं.

आता नेहमीची पद्धत पाहू. सोफ्यावर हिरव्याचा लेअर टाकून त्याची मोड Color करायची, असं बरेच जण सांगतात. ही मोड खालच्या चित्राचा उजेड ठेवते आणि वरच्या रंगाची छटा व तीव्रता घेते. आपला हिरवा ४५, ८५, ७० असेल तर बैठकीवर जवळपास १६१, २०१, १८६ मिळतं. हा बाटलीहिरवा नव्हे, फिकट पुदिन्याचा रंग झाला, कारण उजेड बदामी कापडाचाच राहिला. शिवाय दिव्याची बाजू आणि खिडकीची बाजू दोन्हीकडे छटा एकच झाली. मग रंग गडद करायला Hue/Saturation मधला Lightness ओढला जातो आणि उरलेला उजळपणा सपाट काळ्याकडे झुकतो. मीही सुरुवातीला असंच करत असे. एकदा पूर्ण संच पाठवल्यावर समोरून प्रश्न आला, "हे कापड आहे की रेक्झिन?" त्या दिवसापासून मी Color मोडने सुरुवात करणं सोडलं.

गुणण्याचा रंग कसा काढायचा

कापडावरून जो प्रकाश परत येतो तो दोन गोष्टींचा गुणाकार असतो: तिथे पडलेला प्रकाश, आणि कापड त्यातला किती परत देतं ते प्रमाण. सोफ्याचं कापड बदललं तर पडलेला प्रकाश तोच राहतो, बदलतं ते दुसरं प्रमाण. म्हणून जुन्या कापडाला नव्यात नेणारा गुणक तिन्ही रंगांसाठी वेगवेगळा काढायचा आणि सगळ्या सोफ्यावर तोच लावायचा. फोटोशॉपमधली Multiply मोड नेमकं हेच करते: खालच्या आकड्याला वरच्या आकड्याने गुणते आणि २५५ ने भागते.

त्यासाठी दोन रंग हवेत. पहिला म्हणजे आत्ताचा. Eyedropper घ्या, वरच्या पट्टीत Sample Size ला `31 by 31 Average` निवडा आणि बैठकीचा असा भाग टिपा जो उजेडात आहे पण चकाकत नाही. सरासरी घेणं गरजेचं आहे. एकच पिक्सेल टिपलात तर धागा लागला की फट, यावर सगळा हिशेब डळमळतो.

दुसरा रंग म्हणजे त्याच जागी, त्याच उजेडात नवं कापड कसं दिसलं असतं तो. कॅटलॉगमधल्या रंगाचे आकडे थेट घेऊ नका, कारण ते भरपूर आणि पांढऱ्या उजेडातले असतात. सोफ्याजवळ, साधारण तितक्याच उजेडात एखादी पांढरी वस्तू शोधा: कागद, पडद्याची कड, पुस्तकाची पानं. आपल्या फोटोत बाजूच्या टेबलावरच्या कागदावर २३०, २२६, २२० मिळाले. कॅटलॉगचा हिरवा ५०, ९६, ८१ आहे. प्रत्येक आकडा कागदाच्या आकड्याने गुणून २५५ ने भागला की ४५, ८५, ७० मिळतो. हा या खोलीतला बाटलीहिरवा. पांढरी वस्तू नसेल तर डोळ्याच्या अंदाजाने कॅटलॉगच्या रंगाला दहाएक टक्के खाली आणा आणि पुढे सुधारा.

आता हिशेब एवढाच:

```
R: 45 / 200 * 255 = 57
G: 85 / 185 * 255 = 117
B: 70 / 165 * 255 = 108
```

५७, ११७, १०८ हा आपला गुणण्याचा रंग. बघायला तो करडा-हिरवा वाटेल, बाटलीहिरवा वाटणार नाही, त्याने गोंधळू नका. बदामीच्या अंगातला पिवळेपणा आधीच वजा करून तो तयार झालेला आहे. यामुळेच थेट बाटलीहिरवा Multiply केला तर जो शेवाळलेला, मळकट रंग येतो, तो इथे येत नाही.

लेअरची मांडणी

सोफ्याची निवड करून एक ग्रुप बनवा आणि मास्क ग्रुपला लावा. ग्रुपच्या आत Layer > New Fill Layer > Solid Color घेऊन ते तीन आकडे टाका आणि त्या लेअरची मोड Multiply करा. ग्रुपची स्वतःची मोड मात्र Pass Through च राहू द्या. ती Normal झाली तर आतल्या लेअरला गुणायला खाली काहीच सापडत नाही आणि सोफ्यावर सपाट करडा-हिरवा पडतो. सगळं बरोबर करूनही रंग एकदम कोरा दिसला तर आधी हेच तपासा.

आता मोजून बघा. बैठकीवर ४५, ८५, ७० यायला हवा. शिवणीच्या खाचेत साधारण २७, ५०, ४० येईल, म्हणजे प्रमाण पुन्हा साठ टक्केच. आणि दिव्याच्या बाजूला ४९, ८५, ५९ येतं: लाल किंचित वाढलेला, निळा घटलेला, म्हणजे पिवळ्या उजेडातला हिरवा जसा दिसायला हवा तसाच. त्यासाठी वेगळं काही करावं लागलेलं नाही. Color मोडमध्ये हे हरवलं होतं.

मास्कबद्दल थोडक्यात. पाय, बैठकीच्या कडा, पाइपिंग यांना Pen टूल घ्या. कापडाचे तंतू बाहेर आलेले असतील तिथे Select and Mask. धार अगदी कोरीव ठेवू नका, फोटोतल्या इतर कडा जितक्या मऊ असतील तितकीच ठेवा, बहुतेक वेळा अर्धा ते एक पिक्सेल. सोफा मागे धूसर होत गेला असेल तर मास्कची धारही तिकडे जास्त मऊ हवी. फिकटाकडून गर्दाकडे जाताना कडेला बदामी रेघ उरणं हा हमखास दोष. ती दिसली तर Shift Edge थोडा वाढवून मास्क एक पिक्सेल बाहेर न्या. आणि सोफ्यावर दुसऱ्या रंगाची उशी असेल तर उशी मास्कमधून वगळा, पण तिची सोफ्यावर पडलेली सावली वगळू नका. ती सावली सोफ्याच्या कापडावर आहे.

गर्द झाल्यावर वीण दबते तेव्हा

इथपर्यंत प्रमाण राखलं गेलं आहे, तरी पडद्यावर वीण थोडी मंद वाटेल. त्याला कारण आहे. आधी धागा आणि फट यांच्यात हिरव्याच्या आकड्यांत सुमारे १९ चा फरक होता. गुणल्यावर प्रमाण तेच राहिलं, पण फरक ९ च्या आसपास आला. खऱ्या गर्द कापडातही वीण फिकट कापडापेक्षा कमीच दिसते, त्यामुळे ती पूर्ण आधीसारखी आणायला जाऊ नका. थोडासा हातभार पुरतो.

मूळ फोटोच्या लेअरची प्रत काढून ती ग्रुपमध्ये सगळ्यात वर ठेवा. Image > Adjustments > Desaturate ने तिचा रंग काढा, मग Filter > Other > High Pass लावा. इथे Radius हाच सगळा खेळ आहे. फोटो शंभर टक्क्यांवर पाहून एक धागा किती पिक्सेल रुंद आहे ते बघा. आपल्या फोटोत तो दोन-तीन पिक्सेल आहे, म्हणून Radius २ ठेवला. करड्या पडद्यावर फक्त वीण उमटायला हवी. घड्या आणि उशांचे आकार दिसू लागले तर Radius जास्त झाला, आणि मग घड्यांभोवती उजळ कडा येतील. लेअरची मोड Overlay करा आणि Opacity ३० च्या आसपास आणा. गडद भागावर Overlay देखील गुणाकारच करते, त्यामुळे आपण राखलेल्या प्रमाणाला ती धक्का लावत नाही, ते किंचित ताणते.

कुठे थांबायचं? शंभर टक्क्यांवर वीण दिसावी, आणि फोटो पूर्ण पडद्यात बसवल्यावर ती वेगळी उठून येऊ नये. सोफ्याच्या दूरच्या हातावर वाळूसारखे ठिपके दिसू लागले तर ती वीण नाही, कॅमेऱ्याचा नॉइज आहे. तो भाग या लेअरच्या स्वतंत्र मास्कवर करडा करून दाबा.

याने भागत असेल तर Curves ला हात लावू नका. नसेल भागत, तर ग्रुपमध्ये Curves लेअर घालून त्याची मोड Luminosity करा, म्हणजे रंगाची तीव्रता बदलणार नाही. ७० जवळ एक बिंदू जागच्या जागी रोवा, ५० चा ४६ वर आणा, ९५ चा १०१ वर न्या. नवा सोफा याच पट्ट्यात आहे, म्हणून वळण इथेच हवं. पूर्ण रेघेला S चा आकार दिला तर अर्धा परिणाम अशा भागात वाया जातो जिथे सोफ्याचे पिक्सेलच नाहीत.

सावलीचा तळ आणि चकाकी

गुणाकाराला दोन मर्यादा आहेत, आणि दोन्हींचं कारण एकच: फोटोतला सगळा प्रकाश कापडाच्या रंगातून आलेला नसतो.

पहिली मर्यादा सावलीत दिसते. सोफ्याच्या खालच्या कडेला मूळ आकडे २०, १८, १६ होते. गुणल्यावर ते ४, ८, ७ होतात, म्हणजे जवळपास काळे, आणि तिथल्या घड्या बुजतात. प्रत्यक्षात लेन्समध्ये पसरलेला थोडा उजेड फोटोभर सगळीकडे मिसळलेला असतो, आणि कापड बदललं म्हणून तो कमी होत नाही. परीक्षा सोपी आहे. खोलीतली सगळ्यात काळी जागा शोधा, जसं कपाटाखालचा भाग किंवा पडद्यामागची फट. सोफ्याची घडी त्याहून काळी असेल तर तुमचा गुणाकार खाली फार खोल गेला आहे. उपाय म्हणून Solid Color लेअरच्या नावाशेजारच्या रिकाम्या जागेवर दोनदा क्लिक करून Blend If मध्ये Underlying Layer चा काळा त्रिकोण Alt दाबून फोडा आणि त्याचा उजवा अर्धा ३० पर्यंत न्या. मग सर्वांत गडद भागात रंगाचा परिणाम हळूहळू विरतो आणि घड्या परत दिसू लागतात.

दुसरी मर्यादा उजेडात. खिडकीजवळच्या हातावर मूळ २४५, २४०, २३२ होतं. गुणून ते ५५, ११०, ९८ झालं. आकडा चुकीचा नाही, पण डोळ्याला तो हात मेलेला वाटतो. कारण धाग्याच्या पृष्ठभागावरून जी चकाकी उसळते ती कापडाचा रंग घेत नाही, ती उजेडाच्याच रंगाची असते. फिकट सोफ्यावर ती मिसळून जाते, गर्द सोफ्यावर मात्र ती ओळखू येते, आणि नसली तर कापड सुकलेल्या रंगासारखं दिसतं. ती परत आणायला मूळ फोटोची आणखी एक प्रत ग्रुपमध्ये घ्या, रंग काढा, आणि Levels मध्ये डावा काळा त्रिकोण २१५ पर्यंत आणा, म्हणजे फक्त सर्वांत उजळ भाग उरेल. मोड Screen, Opacity १५ ते २०. लिननसाठी एवढं पुष्कळ झालं. जास्त दिलंत तर लिननचं सॅटिन होतं.

मखमलीचं तंत्र वेगळं आहे, हे इथेच सांगून ठेवतो. तिचे उभे केस तिरक्या उजेडात कडेला उजळतात आणि मध्ये गडद राहतात. लिननच्या फोटोवर हिरवा चढवून हिरवी मखमल मिळणार नाही, कारण ती चकाकी मूळ फोटोत नाहीच.

सोफ्याच्या बाहेरही बघा

सोफा पटतो पण फोटो पटत नाही, असं झालं तर जमिनीकडे बघा. गुळगुळीत फरशीत सोफ्याचं प्रतिबिंब असतं, आणि ते अजून बदामी आहे. त्यासाठी त्याच Solid Color लेअरची प्रत ग्रुपबाहेर घ्या, तिला स्वतःचा मऊ मास्क द्या आणि Opacity ४० ते ५० पर्यंत आणा. मागच्या पांढऱ्या भिंतीवर सोफ्याच्या अगदी वर बदामी झाक असेल तर तिथेही हाच उपाय, पण दहा टक्क्यांच्या वर जाऊ नका. लाल किंवा ठळक रंगाच्या उशीच्या कडेला सोफ्याच्या एक-दोन पिक्सेलमध्ये उशीचा रंग सांडलेला दिसेल. जेपीईजी फाइलमध्ये बहुधा रंगाची माहिती उजेडापेक्षा कमी बारकाईने साठवलेली असते, त्याचा हा परिणाम. तेवढ्या कडेवर, फक्त तिथेच, Color मोडचा ब्रश बारीक फिरवून तो झाकता येतो.

शेवटची तपासणी करताना सर्वांत वर एक तात्पुरता Black & White लेअर टाका आणि ग्रुप चालू-बंद करून पाहा. सोफा गडद व्हायला हवा, पण त्याचा आकार, घड्यांचा क्रम आणि वीण यांची गोष्ट तीच राहायला हवी. एखादी घडी नाहीशी झाली किंवा नवी उगवल्यासारखी वाटली तर चूक कुठे आहे ते लगेच कळतं.

दुसरा रंग, आणि जिथे हे चालत नाही

आता मोहरीसारखा पिवळा हवा असेल तर फक्त तीन आकडे बदलायचे. त्या जागी १९०, १४०, ५० दिसायला हवं असेल, तर गुणण्याचा रंग २४२, १९३, ७७ येतो. हा रंग तितका गर्द नाही, म्हणून High Pass ची Opacity दहाच्या आसपास आणा, नाहीतर वीण खरखरीत दिसेल.

कधी कधी हिशेबात आकडा २५५ च्या वर जातो. चमकदार निळ्यासाठी ६०, ९०, १९० हवं असेल तर निळ्याचा गुणक २९४ येतो. त्याचा अर्थ असा की नवं कापड निळ्या उजेडाच्या बाबतीत जुन्यापेक्षा फिकट आहे, आणि Multiply कधीच उजळ करू शकत नाही. अशा वेळी Solid Color च्या खाली एक Curves लेअर घाला, त्यात Blue चॅनेल निवडा, उजवं वरचं टोक सरळ डावीकडे सरकवून Input २२१ आणि Output २५५ करा. सरळ रेघ म्हणजे पुन्हा गुणाकारच, फक्त वरच्या दिशेने. मग Solid Color ला ७७, १२४, २५५ द्या. ज्या भागात निळा आधीच २२१ च्या वर होता तिथली वीण निळ्यात कापली जाईल, म्हणून खिडकीजवळचा हात नीट तपासा.

हे वर नेणं थोडंसंच चालतं. गडद निळा सोफा क्रीम करायचा असेल, समजा ३५, ४५, ७५ वरून २२५, २१५, १९५ वर, तर लाल साडेसहा पटीच्या आसपास ताणावा लागतो. सावलीत दोन आकड्यांचा नॉइज तेरा आकड्यांचा होतो, जेपीईजीचे चौकोन उघडे पडतात, आणि जी वीण कॅमेऱ्याने टिपलीच नव्हती ती कुठूनही येत नाही. रॉ फाइल असेल तर ती दोन-अडीच स्टॉप उजळ करून १६ बिटमध्ये उघडा आणि तिथून सुरुवात करा. फक्त जेपीईजी असेल तर मी हे काम घेत नाही. फिकट कापडातला सोफा पुन्हा फोटो काढायला सांगतो, कारण फिकटावरून कोणताही गर्द रंग काढता येतो.